खोलीचं ॲनिमेशन: सँपल कमी केले की भिंत ‘उकळते’. वेळ नक्की कुठे वाचवायचा?

ओसरी

ब्लेंडरच्या सायकल्समध्ये एका खोलीचं १० सेकंदांचं दृश्य करते आहे. २४ च्या दराने २४० फ्रेम, ४के. खोलीतलं काहीच हलत नाही, फक्त कॅमेरा दारापासून खिडकीकडे सरकतो. प्रकाश एकाच बाजूच्या मोठ्या खिडकीतून येतो, बाहेर आकाशाचा एचडीआरआय आहे. खिडकीला पातळ पडदा, पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती, किंचित चकचकीत लाकडी जमीन आणि खिडकीच्या समोरच्या कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट. तो कोपरा बऱ्यापैकी अंधारा आहे.

नॉइज थ्रेशोल्ड ०.०१ आणि कमाल सँपल ४०९६, म्हणजे मूळ सेटिंग ठेवलं तर एका फ्रेमला ९ मिनिटं लागतात. सगळे मिळून ३६ तास. म्हणून अ‍ॅडॅप्टिव्ह सँपलिंग बंद करून सरळ १२८ सँपल आणि ओपनइमेजडिनॉइज लावला. फ्रेम ५० सेकंदांत आली आणि स्थिरचित्र म्हणून अगदी स्वच्छ दिसते. पण २४ फ्रेम जोडून बघितल्या तर छत आणि कपाटामागची भिंत उकळल्यासारखी दिसते. मोठे मऊ डाग येतात, जातात, सरकतात.

सँपल दुप्पट करून पाहिले, डाग थोडे फिके झाले पण गेले नाहीत. सगळीकडे सँपल वाढवत गेले तर पुन्हा ९ मिनिटांवर येणार. दर्जा दिसण्याइतका न घसरता वेळ कुठे वाचतो?

झटपट_रेंडर

दोन सोप्या गोष्टी करा. सीड दर फ्रेमला बदलत असेल तर ते बंद करा, म्हणजे सीडच्या खान्याशेजारचं घड्याळाचं चिन्ह काढून टाका. नॉइज प्रत्येक फ्रेममध्ये सारखाच आला तर डिनॉइजरचं उत्तरही सारखंच येतं, मग डाग हलणार कशाला? दुसरं, ४के रेंडर करूच नका. रिझोल्यूशन ५० टक्के ठेवा आणि नंतर अपस्केल करा. पिक्सेल एक चतुर्थांश, वेळही जवळपास एक चतुर्थांश.

कवडसा

सीडची गोष्ट कॅमेरा स्थिर असेल तेव्हाच खरी आहे. कॅमेरा आणि खोली दोन्ही स्थिर असतील आणि एखादीच वस्तू हलत असेल, तर पार्श्वभूमीचे डाग खरंच जागच्या जागी राहतात आणि डोळा त्यांना भिंतीचाच भाग समजतो. इथे कॅमेरा सरकतो आहे. सीड एकच ठेवला तर नॉइजचा नमुना पडद्याच्या पिक्सेलना चिकटतो आणि खोली त्याच्या मागून सरकते. मळक्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं, आणि ते उकळण्यापेक्षा जास्त खटकतं. घड्याळ चालूच राहू द्या. रिझोल्यूशनबद्दल नंतर लिहितो, तो वेगळा विषय आहे.

आधी भिंत का उकळते ते. ओपनइमेजडिनॉइज प्रत्येक फ्रेम स्वतंत्र बघतो, मागच्या फ्रेममध्ये काय ठरवलं होतं हे त्याला माहीत नसतं. अंधाऱ्या भिंतीवर मोजकेच किरण उजेड घेऊन पोचतात. एका फ्रेममध्ये ते योगायोगाने डावीकडे जास्त पडले तर तो डावीकडे मऊ उजळ डाग रंगवतो, पुढच्या फ्रेममध्ये उजवीकडे. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी पटण्यासारखी असतात, एकमेकांशी मात्र जुळत नाहीत. त्यामुळे स्थिरचित्रावरून अ‍ॅनिमेशनचे सँपल कधीच ठरवू नयेत. डिनॉइजर नॉइज पुसतो म्हणजे बारीक दाणा काढून टाकतो, पण त्या दाण्यातली मोठ्या आकाराची चूक तशीच मागे राहते.

आता पूर्ण क्लिप रेंडर न करता हे मोजायची पद्धत. एकच फ्रेम घ्या, तीच सेटिंग, फक्त सीड १ आणि सीड २. दोन्ही डिनॉइज करून ईएक्सआरमध्ये साठवा. कंपोझिटरमध्ये मिक्स नोड डिफरन्सवर ठेवून एकातून दुसरी वजा करा आणि निकाल १० ने गुणा. कॅमेरा हललेला नाही, प्रकाश बदललेला नाही, त्यामुळे जो फरक दिसेल तो सगळा योगायोगाचा. आणि क्लिपमध्ये उकळणार आहे ते नेमकं तेच. चित्र जवळपास काळं आलं तर तेवढे सँपल पुरे. कुठे उजळ ठिपके आले, ते इथे सांगा.

एक मर्यादा लक्षात असू द्या. या चाचणीत हरवलेला तपशील दिसत नाही. डिनॉइजरने पडद्याच्या जाळीची सावली पुसली असेल तर दोन्ही सीडमध्ये सारखीच पुसलेली असते, वजाबाकी शून्य येते. त्यासाठी छोटा चौकोन निवडून, कंट्रोल आणि बी दाबून, तेवढाच भाग ४०९६ सँपलला डिनॉइजर बंद ठेवून रेंडर करा आणि शेजारी ठेवून बघा.

मातीचा_गोळा

माझाही असाच प्रश्न आहे. मॉडेल फिरवताना व्ह्यूपोर्ट फार अडखळतो. रेंडर्ड मोडमध्ये सँपल कमी केले तरी फरक नाही. थ्रेशोल्ड वाढवू का?

तळटीप

मातीचा गोळा, तुमचा प्रश्न वेगळा दिसतोय. सॉलिड मोडमध्येही अडखळत असेल तर ते सँपलमुळे नाही, जड मेश किंवा मॉडिफायरमुळे आहे. सबडिव्हिजनची व्ह्यूपोर्ट पातळी उतरवून बघा. वेगळा धागा काढलात तर नीट बोलता येईल, इथे दोन्ही गोष्टींची सरमिसळ होईल.

ओसरी

कवडसा, दोन सीडची चाचणी केली. खूपच बोलकं चित्र आलं. खिडकीजवळची भिंत, टेबल, पुस्तकांचे कणे जवळपास काळे, म्हणजे तिथे १२८ सुद्धा पुरेसे आहेत. छताचा खिडकीपासून लांबचा अर्धा भाग आणि कपाटामागचा कोपरा मात्र लख्ख उजळतात. जमिनीवर खिडकीचं प्रतिबिंब जिथे मावळतं त्या कडेलाही पट्टा आहे.

एक सांगायचं राहिलं. खिडकीत एरिया लाइट ठेवून तो पोर्टल केला होता, कारण खोलीसाठी तो लावावा असं सगळीकडे वाचलं. माझ्याकडे काहीच फरक पडला नाही, उलट फ्रेम थोडी हळू झाली. म्हणून काढून टाकला.

कवडसा

पोर्टलने फरक पडला नाही हे ऐकून मला वाटतं मूळ दुखणं सँपलच्या आकड्यात नाहीच. खिडकीला काचेचं तावदान मॉडेल केलं आहे का? आणि त्याला ग्लास शेडर किंवा ट्रान्समिशन १ केलेला प्रिन्सिपल्ड शेडर आहे का?

ओसरी

हो, दोन्ही पल्ल्यांना तावदानं आहेत. प्रिन्सिपल्ड, ट्रान्समिशन १, रफनेस ०. बाहेरून एक वेगळा शॉट आहे, त्यात काच दिसायला हवी.

कवडसा

मग तेच. भिंतीवरच्या एखाद्या बिंदूवर सायकल्स दोन मार्गांनी उजेड शोधतो. एक, त्या बिंदूपासून थेट दिव्याकडे किंवा आकाशाकडे सावलीचा किरण सोडून मध्ये अडथळा आहे का ते बघणं. दोन, किरण कुठल्या तरी दिशेला उसळवणं आणि तो आकाशाला लागतोय का ते बघणं. पहिला मार्ग हिशेबी आहे, दुसरा नशिबावर चालतो. अपवर्तन करणारी काच सावलीच्या किरणाला भिंतीसारखीच अडवते, कारण काचेत वळून नेमका तिथे पोचणारा सरळ किरण सोडता येत नाही. म्हणजे तुमच्या खोलीत पहिला मार्ग पूर्ण बंद आहे. सगळा उजेड दुसऱ्या मार्गाने, कॉस्टिक म्हणून आत येतो. पोर्टलचं काम पहिल्या मार्गाचे किरण खिडकीकडे वळवणं एवढंच. ते सगळे काचेवर आपटून वाया जात होते, म्हणून उपयोग शून्य आणि वेळ जास्त.

उपाय असा. तावदानाच्या मटेरियलमध्ये मिक्स शेडर टाका. वरच्या खान्यात तुमची काच, खालच्यात ट्रान्सपरंट बीएसडीएफ. फॅक्टरला लाइट पाथ नोडमधलं ‘इज शॅडो रे’ जोडा. कॅमेऱ्याला काच काचेसारखीच दिसते, प्रतिबिंब तसंच राहतं, पण सावलीचे किरण आरपार जातात. काचेला हिरवट छटा असेल तर ट्रान्सपरंटला तोच रंग द्या, नाहीतर खोलीतल्या उजेडाची छटा बदलेल. सपाट, पातळ तावदानाला हे चालतं. जाड काचेचा पेला किंवा पाण्याचं भांडं असेल तर त्याच्या सावलीतली उजेडाची नक्षी जाईल, तिथे हे करू नका.

मग पोर्टल परत ठेवा आणि तीच दोन सीडची चाचणी १२८ ला करा.

झटपट_रेंडर

त्यापेक्षा रिफ्रॅक्टिव्ह कॉस्टिक्सच बंद केले तर? मी नेहमी बंदच ठेवतो, फायरफ्लाय जातात आणि रेंडरही पळतं.

कवडसा

या खोलीत बंद केले आणि तावदान तसंच ठेवलं तर खोली काळोखी होईल, कारण उजेड येण्याचा तो एकच मार्ग उरला आहे. तावदान सुधारल्यावर बंद करायला हरकत नाही, तेव्हा तुमचा सल्ला बरोबर बसतो.

ओसरी

तावदान बदललं, पोर्टल लावला, कॉस्टिक्स बंद केले. त्याच १२८ सँपलला छत जवळपास काळं आलं! डिनॉइजर बंद करून पाहिलं तर कच्च्या चित्रातला दाणाही स्पष्टपणे बारीक झाला आहे. फ्रेमचा वेळ ५० वरून ५८ सेकंदांवर गेला, पण त्याच सँपलमध्ये मिळणारं चित्र वेगळ्याच पातळीचं आहे.

कपाटामागचा कोपरा आणि जमिनीवरचा पट्टा अजून उजळतात, पहिल्यापेक्षा कमी. आता फक्त तिथे जास्त सँपल द्यायचे आहेत. अ‍ॅडॅप्टिव्ह परत चालू करू का? आणि थ्रेशोल्ड किती?

कवडसा

हो, आता चालू करा, नेमकं हेच त्याचं काम. आकडा निवडताना एक हिशेब डोक्यात ठेवा. नॉइज निम्मा करायला सँपल चौपट लागतात. म्हणजे थ्रेशोल्ड ०.०१ वरून ०.०२ केला तर जे पिक्सेल खरोखर त्या थ्रेशोल्डला पोचून थांबतात, त्यांना साधारण एक चतुर्थांश सँपल पुरतात. ०.०३ केला तर नववा हिस्सा. डिनॉइजर पुढे आहेच, तेव्हा ०.०१ ची गरज अशा खोलीत क्वचितच पडते. मी इथून सुरुवात करेन:

```python
import bpy
c = bpy.context.scene.cycles
c.use_adaptive_sampling = True
c.adaptive_threshold = 0.03
c.adaptive_min_samples = 96
c.samples = 1024
c.use_animated_seed = True

v = bpy.context.view_layer.cycles
v.denoising_store_passes = True
v.pass_debug_sample_count = True
```

शेवटची ओळ महत्त्वाची. सँपल काउंटचा पास बघितला की कुठल्या भागाने किती सँपल खाल्ले ते दिसतं. उजळ भाग म्हणजे जास्त सँपल. हे चित्र आणि दोन सीडच्या वजाबाकीचं चित्र शेजारी ठेवा. उकळणारा कोपरा सँपल काउंटमध्ये गडद असेल, तर अ‍ॅडॅप्टिव्हने तिथून लवकर पाय काढला. आणि एखादा भाग कमाल मर्यादेला पोचला असेल पण वजाबाकीत काळा असेल, तर तिथे सँपल फुकट चालले आहेत, कमाल आकडा उतरवा.

तळटीप

माझं मत थोडं वेगळं आहे. अ‍ॅडॅप्टिव्ह सँपलिंग अंधाऱ्या भागाबाबत मला भरवशाचं वाटत नाही. थांबायचं की नाही हे तो आतापर्यंत आलेल्या सँपलवरूनच ठरवतो. कोपऱ्यात सुरुवातीच्या सँपलमध्ये उजेड घेऊन येणारा किरण आलाच नाही, तर त्याला वाटतं इथे काळंच आहे, नॉइज नाही, झालं काम. शेजारच्या पिक्सेलमध्ये एक किरण लागलेला असतो, तो पुढे चालू राहतो. त्यातून ठिगळं पडतात. किमान सँपल ९६ ठेवल्याने हे बरंच सावरतं हे मान्य, किमान ० म्हणजे आपोआप ठेवलं की मी हे वारंवार बघितलं आहे.

दुसरं, कंपोझिटरमध्ये नंतर सावल्या उचलणार असाल तर सायकल्सला ते माहीत नसतं. त्याने कोपरा जेवढा अंधारा समजून सोडून दिला, तेवढा तो शेवटी अंधारा राहणार नाही. दोन स्टॉपने उजळ केला की लपलेले डाग वर येतात. ग्रेडिंग आधी ठरवा, दोन सीडची वजाबाकीही ग्रेडिंगनंतरच्या चित्रावर करा.

माझ्या कामात मी ठरावीक सँपलच वापरते. वेळ थोडा जास्त जातो, पण प्रत्येक फ्रेमला किती लागणार ते आधी सांगता येतं आणि फ्रेम-फ्रेममध्ये नॉइज सारखा राहतो.

कवडसा

ग्रेडिंगचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, तो मी आधीच लिहायला हवा होता, पण तुम्हीच चांगला मांडलात. ठरावीक सँपलबद्दल मात्र माझं मत जुळत नाही. या खोलीत खिडकीकडचा अर्धा भाग ९६ लाच संपतो आणि कोपऱ्याला ८०० लागतात. सगळ्यांना ८०० देणं म्हणजे चित्राच्या मोठ्या भागावर वेळ उधळणं. मोकळ्या उजेडातली दृश्यं असतील, जिथे सगळीकडे नॉइज सारखाच असतो, तिथे तुमची पद्धत जास्त सरळ आहे.

ओसरी

०.०३, ९६, १०२४ ला फ्रेम १ मिनिट ५० सेकंदांत आली. कोपरा वजाबाकीत आता शोधावा लागतो. तळटीप, तुमच्या सांगण्यावरून मी ग्रेडिंग लावून परत वजाबाकी केली, तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यात डाग दिसले. किमान १९२ केल्यावर गेले. वेळ २ मिनिटं झाला. म्हणजे ३६ तासांचे ८ तास.

आता तपशिलाची चाचणी. पडद्याला जाळीचं काम आहे आणि त्याची सावली जमिनीवर पडते. ४०९६ च्या चौकोनाशी ताडून पाहिलं तर पडद्यावरची जाळी जशीच्या तशी आहे, पण जमिनीवरची जाळीची सावली डिनॉइजनंतर पुसट झाली आहे. पुस्तकांच्या कण्यांवरची अक्षरं मात्र अगदी टोकदार. एकाच चित्रात असं कसं?

कवडसा

डिनॉइजरला रंगीत चित्राबरोबर अल्बेडो आणि नॉर्मल हे दोन वाटाडे मिळतात. पुस्तकावरची अक्षरं अल्बेडोत आहेत, गिलाव्याचा खरबरीतपणा नॉर्मलमध्ये आहे, आणि हे दोन्ही पास थोड्या सँपलमध्येच स्वच्छ होतात. म्हणून त्या कडा तो राखतो. सावली यांपैकी कशातच नाही, ती फक्त प्रकाशात आहे. जमिनीच्या त्या भागाचा अल्बेडो लाकडाचा आणि नॉर्मल सपाट. तेव्हा सावलीची बारीक नक्षी आणि नॉइज यांत फरक करायला त्याच्याकडे नॉइज असलेलं चित्रच उरतं. चकचकीत पृष्ठभागावरच्या पुसट प्रतिबिंबाचंही हेच होतं.

त्यामुळे डिनॉइज केलेल्या चित्रात तपशील तपासायची जागा म्हणजे सावल्या आणि प्रतिबिंबं. टेक्श्चर बघून समाधान मानू नये. तुमच्या बाबतीत सावलीच्या कडा किती महत्त्वाच्या आहेत ते तुम्ही ठरवा. हव्या असतील तर जमिनीपुरता कच्च्या चित्राचा थोडा भाग परत मिसळा. डिनॉइजिंग डेटा साठवला आहे, तेव्हा मल्टिलेयर ईएक्सआरमध्ये नॉइजी इमेज वेगळी मिळेल. जमिनीचा मास्क घेऊन तीस-चाळीस टक्के कच्चं मिसळलं की नक्षी परत येते आणि बारीक दाणा येतो, तो डोळ्याला बोचत नाही. ही फाइल साठवलेली असण्याचा मोठा फायदा हाच की डिनॉइजचा निर्णय नंतर बदलता येतो, पुन्हा रेंडर करावं लागत नाही.

झटपट_रेंडर

आता माझा रिझोल्यूशनचा मुद्दा घ्या ना. २ मिनिटांचं ४के तुम्ही १०८०पी केलं तर ३० सेकंद. अपस्केल केल्यावर कुणाला कळणार आहे?

कवडसा

घेतो. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. १०८०पी म्हणजे २०.७ लाख, बरोबर चौथा हिस्सा. आता दोन वाटा बघा. १०८०पीला पिक्सेलमागे ४०० सँपल, किंवा ४केला पिक्सेलमागे १००. किरणांची एकूण संख्या दोन्हीकडे सारखी, वेळही जवळपास सारखा. ४केमधला एकेक पिक्सेल जास्त दाणेदार असेल, पण चार शेजाऱ्यांची सरासरी काढली की तोच नॉइज येतो. मग फरक कशात? वाटाड्यांमध्ये. ४केमध्ये अल्बेडो आणि नॉर्मलच्या कडा खऱ्या ४केच्या आहेत. पुस्तकाची अक्षरं, पडद्याची जाळी, खिडकीचे गज हे सगळं डिनॉइजर त्या कडांवर बेतून रंगवतो. १०८०पीच्या वाटेत तो तपशील कधी रेंडरच झालेला नसतो, अपस्केलर तो अंदाजाने घडवतो, आणि बारीक समांतर रेषांवर तो अंदाज फ्रेमगणिक बदलला की त्या लुकलुकतात. म्हणून खर्च कमी करायचा तर मी आधी सँपल कमी करतो, पिक्सेल सगळ्यांत शेवटी.

याला तळ आहे. सँपल ३०-४० च्या खाली गेले की अंधाऱ्या भागात मोठे डाग येतात, ते कुठल्याच वाटाड्याने सावरत नाहीत. आणि ४केला चित्रासाठी लागणारी मेमरी, डिनॉइजचा वेळ, फाइलचा आकार साधारण चौपट होतो.

उलट बाजूनेही हाच हिशेब लागतो. शेवटी १०८०पीच द्यायचं आहे आणि तुम्ही ४के रेंडर करून लहान करणार आहात, तर थ्रेशोल्ड दुप्पट सैल करायला हरकत नाही. चार पिक्सेलची सरासरी तो फरक भरून काढते.

रेशीमगाठ

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहिते. माझ्या दृश्यात लांब केसांचं पात्र आहे, डेप्थ ऑफ फील्ड भरपूर, मागचं सगळं धूसर. मी ६७ टक्क्यांवर, म्हणजे ४केच्या ऐवजी १४४०पीला रेंडर करते आणि वाढवते. पिक्सेल ४४ टक्केच उरतात आणि शेजारी ठेवूनही फरक सापडत नाही. केसांवर मात्र डिनॉइजर मेणासारखा थर देतो, तो कुठल्याही रिझोल्यूशनला येतो.

कवडसा

रेशीमगाठ, तुमच्या दृश्यासाठी ते योग्यच आहे. धूसर भागात ४केचा तपशील मुळात नाहीच, मग तो हरवणार कसा? शिवाय डेप्थ ऑफ फील्ड आणि मोशन ब्लरमध्ये अल्बेडो आणि नॉर्मल स्वतःच दाणेदार असतात, त्यामुळे मी वर सांगितलेला फायदा तिथे कमी होतो. डिनॉइजमध्ये प्रीफिल्टर ‘अ‍ॅक्युरेट’ आहे ना बघा. ‘नन’ असेल तर दाणेदार वाटाड्यातला दाणा तो खरा तपशील समजून चित्रात ठेवतो.

केसांचा मेणचट थर हा वेगळा त्रास आहे. पिक्सेलपेक्षा बारीक केस असतील तर तिथे कडा म्हणून धरायला काही नसतं. तिथे डिनॉइजचं प्रमाण कमी करून खरे सँपल वाढवणं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

तळटीप

अपस्केल करणाऱ्यांसाठी एक जोडते. क्रम चुकवू नका. आधी डिनॉइज, मग ग्लेअर आणि ग्रेडिंग, अपस्केल त्यानंतर. कच्चं चित्र आधी वाढवलं तर दाणा पसरून चार-चार पिक्सेलचा होतो आणि डिनॉइजर त्याला तपशील समजतो. ग्लेअर आधी लावला तर एक फायरफ्लाय ताऱ्यासारखा फुलतो आणि मग तो काही केल्या जात नाही.

आणि ओसरी, पर्सिस्टंट डेटा चालू केला आहे का? खोली स्थिर आहे, तेव्हा प्रत्येक फ्रेमला दृश्य परत भरायची गरज नाही. ९ मिनिटांच्या फ्रेममध्ये ते कळत नव्हतं, २ मिनिटांत कळेल. मेमरी जास्त लागते तेवढं बघा.

ओसरी

पर्सिस्टंट डेटाने प्रत्येक फ्रेमचे ११ सेकंद वाचले, नव्हता चालू. जमिनीवर ३५ टक्के कच्चं चित्र मिसळलं, जाळीची सावली परत आली.

२४ फ्रेम परत जोडून पाहिल्या. छत शांत, कोपरा शांत. राहिला तो जमिनीवरचा पट्टा, जिथे खिडकीचं प्रतिबिंब मावळतं. तिथे अजून हलकी थरथर आहे. रफनेस ०.२५ आहे आणि तो पट्टा १०२४ च्या कमाल मर्यादेला टेकतो आहे, सँपल काउंटमध्ये पांढरा दिसतो. फक्त त्याच्यासाठी कमाल २०४८ केली तर फ्रेम २ मिनिटं २५ सेकंदांवर जाते.

झटपट_रेंडर

ऑप्टिक्सचा टेम्पोरल डिनॉइजर वापरून बघा की. ब्लेंडर ३.१ पासून आहे. बटण नाही, पायथन कन्सोलमधून चालवावा लागतो:

```python
bpy.ops.cycles.denoise_animation()
```

मल्टिलेयर ईएक्सआरमध्ये डिनॉइजिंग डेटाबरोबर व्हेक्टर पास साठवलेला हवा. तो मागच्या फ्रेमचं उत्तर लक्षात घेतो, त्यामुळे उकळणं कमी होतं. एनव्हिडियाचं कार्ड लागतं.

कवडसा

भिंतींसाठी हा चांगला सल्ला आहे, आणि मोशन ब्लर चालू असेल तर व्हेक्टर पास मिळत नाही हेही लक्षात ठेवा. पण ओसरींची अडचण प्रतिबिंबात आहे. व्हेक्टर पास सांगतो की जमिनीचा हा बिंदू मागच्या फ्रेममध्ये कुठे होता. जमिनीवरचं खिडकीचं प्रतिबिंब मात्र जमिनीबरोबर सरकत नाही, ते कॅमेऱ्याबरोबर वेगळ्याच गतीने सरकतं. तिथे मागची फ्रेम चुकीच्या जागेवरून आणली जाते आणि पट्टा मागे रेंगाळण्याचा धोका असतो.

झटपट_रेंडर

माझ्या टाइल्सच्या जमिनीवर असं रेंगाळणं मला कधी जाणवलं नाही.

कवडसा

टाइल्स आरशासारख्या चकचकीत असतील तर प्रतिबिंबात मुळात नॉइजच कमी, मग रेंगाळायला काही उरत नाही. मधल्या रफनेसला ते दिसतं. तरी तुमची क्लिप टाकलीत तर बघायला आवडेल.

तळटीप

ओसरी, तिसरा मार्ग आहे. त्या पट्ट्यातून कॅमेरा किती फ्रेम बघतो? शेवटी खिडकीजवळ गेल्यावर तो पट्टा फ्रेमबाहेर जात असेल. कमाल २०४८ फक्त तेवढ्या फ्रेमसाठी ठेवा. कमाल सँपलच्या खान्यावर कीफ्रेम बसते का ते तुमच्या आवृत्तीत बघा, नाहीतर दोन तुकड्यांत रेंडर करा. मात्र जिथे आकडा बदलतो तिथल्या पुढच्या-मागच्या दोन फ्रेम जोडून बघा, दाण्यात उडी दिसायला नको.

ओसरी

पट्टा पहिल्या ९० फ्रेममध्येच आहे. १ ते ९० कमाल २०४८, ९१ ते २४० कमाल १०२४, असे दोन तुकडे लावते आहे. टेम्पोरलची चाचणी त्याच ९० फ्रेमवर १०२४ च्या फाइल घेऊन वेगळी करेन, आणि दोन्ही क्लिप इथे टाकेन म्हणजे पट्टा रेंगाळतो की नाही ते सगळ्यांना बघता येईल.